भाड्याच्या जागांची वर्षाची फाइल: पावत्या, दुरुस्तीची बिलं, करार, कुठे काय लावता?

खाडीकाठ (६ जुलै, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. बाबांच्या तीन जागा भाड्याने आहेत. रत्नागिरीत एक फ्लॅट, चिपळूणला बाजारात एक गाळा, आणि गुहागरकडे गावच्या घराच्या मागच्या दोन खोल्या, तिथे शाळेतले एक सर राहतात. इतकी वर्षं बाबाच सगळं बघायचे, आता त्यांना डोळ्यांनी नीट दिसत नाही म्हणून माझ्याकडे आलंय. बाबांची पद्धत म्हणजे दर वर्षाची एक कापडी पिशवी, त्यात तिन्ही जागांचं सगळं एकत्र, भाड्याच्या पावत्या, प्लंबरच्या चिठ्ठ्या, घरपट्टी, करार, शिवाय आईच्या चष्म्याचं बिलसुद्धा.

कारण असं झालं की फ्लॅटचे भाडेकरू ३० जूनला सोडून गेले, बावीस महिने राहिले. ३० हजार डिपॉझिट आहे. बाबा म्हणतात पाण्याच्या मोटरचे ४,८५०, रंगाचे ६,००० आणि नळाचे ७०० कापून घे. भाडेकरू म्हणतात मोटर आम्ही आलो तेव्हा होतीच आणि रंगाचं काही ठरलंच नव्हतं. मी पिशवी उपसली तर मोटरचं बिल सापडलं खरं, पण ते गुळगुळीत कागदावरचं, आणि आता पांढरं फट्ट. दिव्यासमोर धरलं, तिरकं करून बघितलं, वर दुकानाचं नाव पुसट दिसतंय, तारीख आणि आकडा काहीच नाही.

तर आता तीन जागांच्या तीन फाइली करायला घेतल्यात. एप्रिल ते मार्च अशी वर्षाची फाइल करू की कराराप्रमाणे? करार अकरा महिन्यांचा, तो कुठल्याच वर्षात नीट बसत नाही. तुम्ही कसं करता?

आंबाफणस (६ जुलै, रात्री १०:१५)

सोप्पंय की. एप्रिल ते मार्च एक फाइल, त्यात जागेचं सगळं कोंबायचं आणि जुलैत सीएकडे नेऊन टाकायची. दुरुस्तीची बिलं मात्र एकूण एक ठेवा हां, रिटर्नमध्ये भाड्यातून वजा होतात. मी तर बल्बचंही ठेवतो.

जमाखर्च (६ जुलै, रात्री ११:०२)

आंबाफणस, बल्बचं बिल टाका कचऱ्यात, तुमचा सीए ते बघतही नसणार. मी करसल्लागाराच्या ऑफिसात सव्वीस वर्षं काढली, दर जुलैत लोक बिलांचा गठ्ठा घेऊन यायचे आणि दर जुलैत मी तेच सांगायचो. घरभाड्याच्या उत्पन्नात भाड्यातून भरलेली घरपट्टी वजा होते, मग जे उरतं त्याचे सरसकट ३० टक्के वजा होतात, कर्ज असेल तर व्याज. ते ३० टक्के दुरुस्तीपोटीच धरलेले असतात. तुम्ही रुपयाची दुरुस्ती केली नाही तरी ३० टक्के आणि लाखाची केली तरी ३० टक्केच. बिल दाखवायचा प्रश्नच येत नाही.

खाडीकाठ ताई, तरी बिलं ठेवायचीच, पण कारण वेगळं आहे आणि त्यावरूनच फाइल कशी करायची ते ठरतं. माझ्या मते एका जागेला एक नाही, दोन फाइली लागतात. एक कायमची आणि एक वर्षाची. वर्षाच्या फाइलीत त्या वर्षापुरतं संपणारं सगळं, म्हणजे भाड्याच्या पावत्या, किरकोळ दुरुस्ती, घरपट्टी, सोसायटीची बिलं. कायमच्या फाइलीत खरेदीखत, करार, डिपॉझिट घेतल्याची आणि परत केल्याची नोंद, जागा ताब्यात देतानाची सामानाची यादी नि फोटो, आणि जागेत कायमची भर घालणाऱ्या मोठ्या कामांची बिलं. करार वर्षाच्या फाइलीत लावूच नका, म्हणजे अकरा महिन्यांचा घोळ आपोआप मिटतो.

माडाखाली (७ जुलै, सकाळी ७:२०)

आमचो तारकर्लीक होमस्टे आसा, चार खोल्ये. मी सगळी बिलां ठेवतंय, चादरी धुण्यापासून नारळ उतरवण्यापर्यंत, आणि आमचो सीए ती सगळी खर्चात घालता. मगे जमाखर्च म्हणतत तां कसां?

जमाखर्च (७ जुलै, सकाळी ८:०५)

तुमचा तो धंदा आहे हो, चहानाश्ता देता, चादरी बदलता. त्याचा हिशोब धंद्याच्या उत्पन्नात होतो आणि तिथे बिलं खरीच लागतात. ताईंच्या खोल्या नुसत्या राहायला दिलेल्या आहेत. दोघांनी एकमेकांचं बघून फाइल केली तर दोघंही फसतील.

माडाखाली (७ जुलै, सकाळी ८:११)

अच्छा. मगे माझी फाइल हयसर कामाची नाय. वाचीत बसतंय.

खाडीकाठ (७ जुलै, दुपारी १:३०)

जमाखर्च काका, कायमची आणि वर्षाची हे पटलं. काल रात्रीच २०२४-२५ ची फ्लॅटची फाइल लावायला बसले आणि तीन कागदांवर अडकले. एक, मार्च २०२५ चं भाडं त्यांनी ४ एप्रिलला दिलं, बाबांनी पावतीवर ४ एप्रिल घातलंय, ती कुठल्या वर्षात? दोन, बाबांनी घरपट्टी आदल्या वर्षी भरलीच नव्हती, दोन्ही वर्षांची मिळून ३,४०० रुपये २२ मार्च २०२५ ला भरली. तीन, ऑगस्ट २०२४ पासून करार बदलला आणि भाडं ८,५०० चं ९,००० झालं. आणि एक कबुली, शेवटचे सहा महिने भाडं माझ्या खात्यात आलंय कारण बाबांना यूपीआय जमत नाही.

जमाखर्च (७ जुलै, संध्याकाळी ६:४५)

चांगले कागद अडकलेत, बहुतेकांच्या फाइली इथेच बिघडतात.

भाड्याची पावती लावायची ती भाडं कुठल्या महिन्याचं आहे त्यावर, पैसे कधी आले त्यावर नाही. मार्चचं भाडं मार्चच्याच वर्षात, मग ते ४ एप्रिलला येवो नाहीतर गणपतीत येवो. म्हणून पावतीवर दोन गोष्टी लिहायची सवय लावा, "मार्च २०२५ चे भाडे" आणि खाली मिळाल्याची तारीख. नुसती तारीख लिहिली की वर्षाच्या शेवटी कुणाच्या तरी फाइलीत तेरा पावत्या निघतात आणि कुणाच्या अकरा.

घरपट्टीचं बरोब्बर उलटं. ती ज्या दिवशी भरली त्या दिवसाच्या वर्षात वजा मिळते, पट्टी कुठल्या वर्षाची का असेना. बाबांनी दोन वर्षांची एकदम भरली ना, मग पूर्ण ३,४०० हे २०२४-२५ मध्येच. आणि मालकाने भरलेली हवी, भाडेकरूने भरली तर ती तुम्हाला वजा नाही.

आता तुमचा फ्लॅट. एप्रिल ते जुलै चार महिने ८,५०० प्रमाणे ३४,०००. ऑगस्ट ते मार्च आठ महिने ९,००० प्रमाणे ७२,०००. झाले १,०६,०००. त्यातून घरपट्टी ३,४०० गेली, राहिले १,०२,६००. त्याचे ३० टक्के म्हणजे ३०,७८० वजा, उरले ७१,८२०. हा आकडा बाबांच्या रिटर्नमध्ये. हे एका कागदावर लिहून फाइलीच्या पहिल्या पानाला लावा, पुढच्या वर्षी कुणी विचारलं तर गठ्ठा उपसायला नको. २०२४-२५ च्या रिटर्नची मुदत सरकारने २०२५ मध्ये १५ सप्टेंबरपर्यंत वाढवली.

भाडं तुमच्या खात्यात आलं तरी उत्पन्न बाबांचं, जागा त्यांची आहे म्हणून. पण बघणाऱ्याला ते तुमचं वाटू शकतं. मालक बाबा, पावती बाबांच्या नावाची आणि पैसे मुलीच्या खात्यात, असं शक्यतो चालू ठेवू नका. पुढच्या भाडेकरूला सरळ बाबांचा खाते नंबर द्या. मागच्या सहा महिन्यांसाठी तुमच्या खात्यातून बाबांच्या खात्यात रक्कम वळती करा आणि त्या ओळीची नक्कल फाइलीला लावा.

चिरेबंदी_गाळा (७ जुलै, रात्री ९:१०)

खाडीकाठ ताई, तुमचा गाळा चिपळूणला बाजारात म्हणालात म्हणून लिहितो. आमचाही आहे. २२ जुलै २०२१ ला जो वाशिष्ठीचा पूर आला त्यात आमचा तळमजला पूर्ण गेला. कागद लोखंडी कपाटात होते, कपाट बंद होतं, म्हटलं सुरक्षित आहे. तीन दिवसांनी कपाट उघडलं तर फाइली फुगून इतक्या घट्ट बसलेल्या की बाहेर ओढता येईनात. गाळ आत गेलेला. प्लास्टिकच्या पाकिटात घातलेले कागद सगळ्यात वाईट, कारण पाणी आत शिरलं ते बाहेर पडेना, शाई विरघळून पाकिटालाच चिकटली. त्यापेक्षा दोऱ्याने बांधलेला साधा गठ्ठा वाचला, एकेक पान सोडवून दोरीवर वाळत घातलं, घर म्हणजे धोब्याचं दुकान झालेलं. आम्ही तेव्हा हसलो नव्हतो, आता हसतो.

तर गाळ्याची फाइल गाळ्यात ठेवू नका. कुणालाच ठेवायची नसते पण सगळे ठेवतात कारण भाडेकरू तिथेच असतो आणि महिन्याला पावती फाडायची असते. पावतीपुस्तक तिथे असू दे, भरलं की घरी न्या.

आणि पुरानंतर आम्ही गाळ्याचं जोतं उंचावलं आणि आत सिमेंटचा पोटमाळा घातला, खर्च १ लाख ६० हजारांच्या घरात. सिमेंट, सळीची बिलं आहेत पण गवंडी आणि बिगारी यांची मजुरी रोख दिली. ती कुठल्या फाइलीत?

जमाखर्च (७ जुलै, रात्री १०:००)

कायमच्या. याच्यासाठीच तर ती फाइल. गळकी कौलं परतली, नळ बदलला, रंग काढला ही दुरुस्ती, जागा होती तशी ठेवली. जोतं उंचावलं, नवा पोटमाळा घातला ही जागेत भर. भाड्याच्या हिशोबात दोन्हींचा उपयोग शून्य, पण गाळा विकाल तेव्हा भर घातलेला खर्च खरेदीच्या किमतीत मिळवता येतो आणि नफा तेवढा कमी दिसतो. विकाल वीस वर्षांनी, म्हणून बिल वीस वर्षं टिकायला हवं. २०२१-२२ च्या फाइलीत घालून ठेवलं तर सात-आठ वर्षांनी कुणीतरी जुना गठ्ठा म्हणून रद्दीत घालेल. हे मी डोळ्यांदेखत बघितलंय, सून घर आवरत होती बिचारी.

उलट बाजूही सांगतो, आपल्याकडे वाडवडिलांच्या घरांना लागू पडते. १ एप्रिल २००१ च्या आधी केलेलं बांधकाम त्या हिशोबात येत नाही. त्यामुळे आजोबांनी १९९४ ला घातलेल्या माडीची बिलं आठवण म्हणून ठेवा, करासाठी नको.

मजुरी रोख दिली असेल तर आता जे जमेल ते करा. गवंड्याकडून साध्या कागदावर लिहून सही घ्या, काय काम, किती दिवस, किती पैसे, त्याचं नाव गाव. मागची तारीख घालू नका, आजचीच घाला आणि मजकुरात लिहा की काम तेव्हा केलं. बँकेतून त्या दिवसांत काढलेली रोख आणि कामाचे फोटो सोबत जोडा. पक्क्या बिलाची सर येणार नाही, पण अधिकारी नुसत्या तोंडी आकड्यापेक्षा याचा विचार करेल. पुढच्या वेळी गवंड्याला खात्यावरच द्या.

आंबाफणस (८ जुलै, सकाळी १०:३०)

बरं बाबा, बल्बची बिलं टाकली. पण करारांचं मला माहितीय. अकरा महिन्यांचा करार रजिस्टर करावा लागत नाही, म्हणूनच तर अकरा महिने करतात. पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी केली की झालं. तो कागद फाइलीत असला म्हणजे पुरे.

पायरी (८ जुलै, सकाळी ११:४०)

आंबाफणस, अर्धं बरोबर बोलताय. वर्षाच्या आतला भाडेपट्टा नोंदवायची सक्ती नाही हा देशभरचा जुना नियम, अकरा महिन्यांची चाल तिथूनच पडली. पण महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा आहे, त्याच्या कलम ५५ प्रमाणे लीव्ह अँड लायसन्स कितीही मुदतीचं असो, लेखी हवं आणि नोंदलेलं हवं. नोंदवायची जबाबदारी मालकाची, नाही नोंदवलं तर मालकाला दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. ते सोडा, कैद झालेला कुणी मी बघितला नाही. खरी मेख पुढे आहे. करार नोंदलेला नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते खरं धरलं जातं, खोटं आहे हे मालकाने सिद्ध करायचं.

खाडीकाठ, म्हणून तुम्हाला विचारतो. बावीस महिने म्हणजे दोन करार झाले असणार. दोन्ही नोंदलेले आहेत का?

खाडीकाठ (८ जुलै, दुपारी २:१५)

पहिला आहे. ऑनलाइन केलेला, एजंट घरी येऊन अंगठे घेऊन गेला होता, इंडेक्स टू पण आहे. दुसऱ्या वेळी बाबा म्हणाले कशाला परत खर्च, माणसं चांगली आहेत, आणि नोटरी केली. रंगाची अट त्या दुसऱ्यातच आहे.

म्हणजे मी रंगाच्या सहा हजारांवर पाणी सोडू का?

पायरी (८ जुलै, दुपारी २:४०)

सोडा असं नाही म्हणत. कागदावर त्यांची सही आहे ना, तो तुमचा पुरावा होऊ शकतो, पण सिद्ध करायचं ओझं तुमच्या डोक्यावर. शिवाय दोन वर्षं माणसं राहिली की भिंती मळणारच, वापराने मळलेलं आणि खराब केलेलं यात फरक करतात. तुमच्याकडे आत येतानाचे फोटो आहेत का? नसतील तर सहा हजारांसाठी भांडण्यात अर्थ नाही, बोलून अर्धं मिटतं का बघा.

फाइलीत करार लावाल तेव्हा नुसता करार नको. त्याच्यासोबत इंडेक्स टू, स्टॅम्प ड्युटी आणि नोंदणी फीची चलनं, पोलिसांकडे भाडेकरूची माहिती दिल्याची पोच, आणि सही केलेली सामानाची यादी, हे सगळं एकाच दोऱ्यात. एका भाडेकरूचा एक जुडगा. नवीन करार झाला की नवीन जुडगा, जुन्याच्या वर.

पगारदार_पाहुणा (८ जुलै, रात्री ८:५०)

चांगला धागा आहे. मी अलिबागला भाड्याने राहतो, माझा घरमालक पावतीच देत नाही, म्हणतो जीपे केलंयस ना तीच पावती. मला ऑफिसात एचआरएसाठी पावत्या द्यायच्या असतात. वर्षाची फाइल मी कशी करू? आणि पॅन मागितला तर रागावतो.

पायरी (८ जुलै, रात्री ९:२०)

तुम्ही समोरच्या बाकावरचे निघालात. इथे मालकांची फाइल चाललीय, पण सांगतो. त्याच कायद्याने मालकाने पैसे घेताच लेखी पावती द्यायची असते, न दिल्यास दिवसाला शंभर रुपयांपर्यंत दंड सांगितलाय. भांडू नका, तुम्हीच बारा पावत्या लिहून न्या आणि सही मागा. भाडं वर्षाला लाखाच्या वर असेल तर ऑफिसला त्याचा पॅन द्यावाच लागतो, तो का रागावतो ते आपण सगळे समजून आहोत.

जमाखर्च (८ जुलै, रात्री ९:३५)

आणि रोख पाच हजारांच्या वर दिले असतील तर पावतीवर एक रुपयाचं रेव्हेन्यू स्टॅम्प लावा. खात्यावर दिले असतील तर त्याची गरज नाही.

बंदरावरचा_बंड्या (९ जुलै, दुपारी १२:१०)

मी देवगडचा, राहतो पुण्यात, आईबाबांच्या दोन जागा मोबाइलवरून सांभाळतो. कागदाचं एवढं कशाला करताय? कोकणातल्या हवेत कागद टिकतो का? आमच्याकडे स्टेपलच्या पिना दोन पावसाळ्यांत गंजल्या, प्रत्येक पावतीच्या कोपऱ्यात तपकिरी भोक, तिथेच नेमकी सही. आता बिल हातात आलं की दुकानातच फोटो काढायचा आणि नाव देऊन ड्राइव्हवर टाकायचं. नावाची सुरुवात वर्षापासून, म्हणजे आपोआप तारखेने लागतं. माझी रचना अशी आहे:

```
Ratnagiri-Flat/
  00-Kayam/
  2024-25/
    bhade/
    durusti/
    patti/
  2025-26/
Chiplun-Gala/
  00-Kayam/
```

आणि बिलाच्या फोटोचं नाव `2025-06-12_nal_700.jpg` असं. तारीख, काम, रक्कम. शोधायला फोटो उघडावाही लागत नाही. भाडं यूपीआयने येतं त्याचे स्क्रीनशॉट ठेवत नाही, वर्षाचं बँक स्टेटमेंट एकदाच एप्रिलमध्ये उतरवून ठेवतो. स्क्रीनशॉट कुणीही बनवतं.

चिरेबंदी_गाळा (९ जुलै, दुपारी १:००)

बंड्या, फोटो ठीक, पण मूळ कागद फेकू नका. उद्या दाव्यात मूळ मागितला तर काय मोबाइल दाखवणार? पुरानंतर आमच्या विम्याच्या माणसाने झेरॉक्स घेतल्या खऱ्या, पण आधी मूळ बिलं बघायला मागितली होती.

बंदरावरचा_बंड्या (९ जुलै, दुपारी १:१२)

ऑनलाइन नोंदलेल्या कराराची तर मूळ प्रतच पीडीएफ असते. कसला कागद?

पायरी (९ जुलै, दुपारी १:५०)

करार ऑनलाइन असेल तर पीडीएफच, बरोबर. पण हाताने लिहिलेली पावती, सामानाची यादी, गवंड्याची चिठ्ठी यांचं मूळ ठेवावंच. बाकी कोर्टात डिजिटल नोंद चालते, पण ती कुठल्या यंत्रातून आली त्याचं प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्यात भांडणं होतात. यावर वकिलांचंच एकमत नाही, आपलं कुठून होणार.

जमाखर्च (९ जुलै, दुपारी ३:२०)

गुळगुळीत कागदाच्या बिलाचं तेवढं ऐका. त्यावर शाई नसतेच, उष्णतेने काळा होणारा कागद असतो तो, ऊन, उकाडा आणि प्लास्टिकचं पाकीट लागलं की अक्षरं उडतात. घरी आल्या आल्या झेरॉक्स काढून बिल झेरॉक्सच्या मागे दोऱ्याने लावा. शक्य असेल तर दुकानदाराला सांगा बिलबुकातलं हाताने लिहून दे. आणि करार लॅमिनेट करू नका कुणी, पाया पडतो. एक काका मोठ्या कौतुकाने नोटरीचा करार लॅमिनेट करून घेऊन आले होते, शिक्का हाताला लागेना, मागच्या पानावर सही आहे की नाही ते कळेना.

किती वर्षं ठेवायचं विचाराल तर भाड्याच्या थकबाकीचा दावा तीन वर्षांत लावावा लागतो आणि आयकराची नोटीस त्याहून उशिराही येऊ शकते, म्हणून वर्षाची फाइल मी आठ वर्षं ठेवायला सांगायचो. हा माझा आकडा, कायद्याचा नाही. कायमची फाइल जागा विकेपर्यंत आणि विकल्यानंतरही आठ.

खाडीकाठ (१२ जुलै, रात्री १०:२५)

मंडळी, गोष्ट पुढे सरकलीय. बंड्यांचं ते बँक स्टेटमेंटचं वाचलं आणि डोक्यात आलं, मोटरचे पैसे बाबांनी दुकानात कार्डाने दिले असणार. बँकेतून २०२३ पासूनची स्टेटमेंट काढली. ४,८५० ची नोंद सापडली, हार्डवेअरच्या दुकानाचं नाव, तारीख ११ एप्रिल २०२३. आणि भाडेकरू आले १ सप्टेंबर २०२३ ला.

म्हणजे मोटर खरंच ते यायच्या आधीची. तेच बरोबर होते. बाबांना वाचून दाखवलं, ते म्हणाले "मग पिशवीत ते २०२४ च्या कसं गेलं?" पिशवीत एक तर चष्म्याचं बिलही होतं म्हटलं.

मी त्यांना फोन करून सांगितलं की मोटरचे कापत नाही, चूक आमची. त्यांनीही नळाच्या ७०० ला लगेच हो म्हटलं, तो त्यांच्या मुलाने मोडला होता, बिल १२ जून २०२५ चं आहे, फोटो प्लंबरने व्हॉट्सअॅपला पाठवला होता. २३,३०० आज खात्यावर टाकले, डिपॉझिट परत केल्याची पावती सही करून घेतली, कायमच्या फाइलीत लावली. रंगाच्या सहा हजारांचं अजून भिजत घोंगडं आहे. आत येतानाचे फोटो नाहीत. ते म्हणतात रविवारी येऊन भिंती बघतो, मग ठरवू.

तिन्ही जागांना आता दोन-दोन फाइली आहेत, हिरवी कायमची, पिवळी २०२५-२६ ची. गाळ्याची घरी आणलीय. गावच्या खोल्यांच्या सरांनी पावती मागितली नव्हती कधी आणि आम्ही दिली नव्हती, त्यांच्या जूनपासून सुरू केल्या.

एकच राहिलं. फ्लॅटच्या गच्चीवर सोसायटीने पत्र्याची शेड घातली, पाणी गळायचं म्हणून, आमच्या वाट्याला १८,५०० आले. पिवळ्या फाइलीत की हिरव्या?

जमाखर्च (१२ जुलै, रात्री ११:००)

गळती थांबवली म्हणजे दुरुस्ती. पिवळी.

चिरेबंदी_गाळा (१२ जुलै, रात्री ११:१४)

कशी काय? शेड आधी नव्हतीच, नवीन घातली. मी तर हिरवीत लावेन.

जमाखर्च (१२ जुलै, रात्री ११:२०)

हेतू बघतात हो. पण तुमच्या म्हणण्यात तथ्य नाही असं नाही, कायमची वस्तू आहे. ताई, सोसायटीची पावती नि ठरावाची प्रत हिरवीत लावा, झेरॉक्स पिवळीत. विकाल तेव्हा जो सीए असेल तो भांडेल त्यावर.

माडाखाली (१३ जुलै, सकाळी ६:५०)

माझ्या होमस्टेवर पण शेड आसा, दोन वर्सांपूर्वी घातलेली. तेचां बिल खंय ठेवलंय तां आता शोधूक जातंय.